उठून बस, मग वळ

दुपारच्या शांततेत किणकिण झाली. फार नाही, काचेच्या चारदोन बांगड्या एकमेकींना लागाव्यात एवढीच. पण कोळवणच्या त्या घरात एवढी किणकिणही पुरेशी होती.

"उठून बस आधी," ओसरीवरून आवाज आला. "मग वळ."

अपेक्षा अर्धी वळलेली तशीच थांबली. कोपर गादीत, पोट मधोमध आणि पाय अजून जुन्याच बाजूला. तिकडे ओसरीवर तिची सासू गोजराबाई डोळे मिटून चक्क घोरत होती. घोरणं आणि हुकूम, दोन्ही एकाच वेळी करण्याची कला तिला साधलेली होती.

"उठते, आत्या."

हुकूम जुना होता. पोटुशीनं निजल्या निजल्या कूस बदलायची नाही. आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या अंगावर पडायचं. नाहीतर आत बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसतो. गोजराबाईला हे तिच्या सासूनं सांगितलं होतं, आणि सासूचं सांगणं तिनं कधी तपासून पाहिलं नव्हतं. सातव्या महिन्यात ओटी भरताना अपेक्षाच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा चढला, आणि तेव्हापासून तिच्या गळ्यात घंटा बांधल्यासारखंच झालं. जरा हलली की साऱ्या घराला वर्दी.

आता आठवा सरत आलेला. आडवं पडल्यावर सरळ उठून बसायचं म्हणजे खाचरात रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढण्यासारखं काम. दोन्ही हात टेकायचे, दम धरायचा, कंबरेतून एक सणक थेट मानेपर्यंत जाऊ द्यायची आणि मग कुठं बसतं व्हायचं. बसून दुसरीकडं पडेपर्यंत झोप केव्हाच शेजारच्या आळीत निघून गेलेली असायची. दिवसभर कंबर म्हणजे जणू दुसऱ्या कुणाची तरी, भाड्यानं आणलेली.

सुखाचा मार्ग घरातच होता, तोही माडीवर. अपेक्षाचा नवरा इंद्रजित शनिवार-रविवारी माडीवरच्या खोल्या पुण्याच्या पाहुण्यांना द्यायचा. तिथल्या उशा पांढऱ्याशुभ्र, सशासारख्या मऊ. त्या गोजराबाईच्या ताब्यात होत्या. घरच्यांनी त्यांच्याकडं बघायचं, पण डोकं ठेवायचं नाही. एकदा अपेक्षानं त्यातली एक गुडघ्यांच्या मधे धरली आणि कंबरेनं असा काही सुस्कारा टाकला की तिला स्वतःलाच हसू आलं. गोजराबाईनं ती पाहिली मात्र, लगेच ओढून घेतली. "गुडघ्यात उशी? बाळाची वाट अडवतीस व्हय गं?"

म्हणून मग त्या मंगळवारी, माडी रिकामी असताना, अपेक्षानं चोरी करायचं ठरवलं.

बांगड्यांना आधी सोनीचे लोकरी मोजे चढवले. सोनी तिची मोठी लेक, पाच वर्षांची. आपले मोजे आईच्या मनगटांवर बघून ती तोंडावर हात दाबून फिदीफिदी हसू लागली. मग दोघी जिना चढल्या. एकेक पायरी, कठड्याला धरून, चोरांनी चढावं तशा. येताना सोनीच्या डोक्यावर उशी, काखेत उशी, तिसरी अपेक्षाच्या काखेत. खाली येऊन खोलीचं दार ढकललं आणि अपेक्षा डाव्या कुशीवर पडली. एक उशी गुडघ्यांमधे, एक पाठीशी, एक पोटाखाली हळूच सरकवलेली. पोट जणू कुणी अलगद हातात घेतलं. कंबर पहिल्यांदा आपली वाटली. थोड्या वेळानं ती उजवीकडं वळली, न उठता, न बसता. किणकिण नाही, हुकूम नाही.

आणि तेव्हाच मनात तेच आलं, जे एकटी असली की यायचं. आत्या म्हणतात ते खरं असलं तर? गेल्या कित्येक दिवसांत झोपेत आपण अशा किती वेळा वळलो असू? तिनं पोटावर हात ठेवला. आत काही हललं नाही. बाळ झोपलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग अंग ताणलं, पावलं पुढं रेटली, आणि पोटरीत गोळा आला.

गोळा म्हणजे साधासुधा नव्हे. कुणी पोटरीत मूठ घालून पिळावं तसा. "आई गं," ती ओरडली, आणि ओसरीवरचं घोरणं थांबलं.

गोजराबाई धावत आली. तिच्यापुढं काय होतं? पाहुण्यांच्या तीन उशांत रुतलेली सून, मनगटांवर मोजे, आणि कोपऱ्यात हसून हसून बसकण मारलेली नात.

"पाय आण हिकडं," ती म्हणाली. आधी पाय, मग पंचनामा. तिनं पाऊल धरलं आणि बोटं खाली, गादीकडं दाबली.

"आत्या, तिकडं न्हाई, तिकडं न्हाई!"

"मग कुटं?"

अपेक्षानं पाय सोडवून घेतला, गुडघा सरळ केला, पाऊल भिंतीला लावलं आणि टाच रेटत बोटं स्वतःकडं वळवली. हळूहळू पोटरी सुटली. तिचा श्वास परत आला. गोजराबाईनं मग वरून खाली चोळून दिलं, आणि चोळता चोळता मोज्यांवर नजर गेली.

"बांगड्यांस्नी थंडी वाजती काय गं?"

अपेक्षाला ना हसता येईना ना रडता. गोजराबाई मात्र हसली नाही. तिनं एकेक उशी काखेत मारली. "उद्यापासून माझी खाट हितं, तुझ्या उशाशी. आन् उद्या तपासणीला मी येते. सिस्टरलाच इचारते. त्या म्हनतील ते खरं."

"म्हनतील ते खरं?"

"व्हय. तुला बी आन् मला बी."

दुसऱ्या दिवशी सोनीही त्यांच्याबरोबर निघाली. उपकेंद्रात ज्ञानदा सिस्टर होत्या. हसऱ्या, जरा घाईतल्या. त्यांनी वजन, बीपी, पोट सगळं पाहिलं, मग ठोके ऐकायचं यंत्र पोटावर टेकवलं. खोलीभर टपटप टपटप घुमलं, घोडं दौडत यावं तसं. अपेक्षानं रात्रभर धरून ठेवलेला श्वास सोडला. पण गोजराबाई तिथंच उभी होती, कंबरेवर हात ठेवून.

"सिस्टर, निजल्या निजल्या वळलं तर नाळ गुंडाळती का न्हाई? सांगा हिला."

"नाही, मावशी. वेढा पडतो तो बाळाच्याच उड्यांनी. ते आत सारखं फिरतं. आईच्या वळण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि बऱ्याच बाळांच्या गळ्यात वेढा असतो, नीट जन्माला येतात ती."

अपेक्षानं डोळे मिटले. तिचे खांदे एकदम खाली आले.

"मग निजायचं कसं?" गोजराबाईचा आवाज अजून वकिलाचाच.

"कुशीवर. डावी किंवा उजवी, दोन्ही चालतात. फक्त पाठीवर नको. पोटाचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो. झोपेत पाठीवर गेलात तर घाबरायचं नाही, जाग आली की वळायचं. गुडघे जवळ घेऊन, खांदे आणि कंबर एकदमच. आणि उठताना पाठीवरून सरळ नाही. आधी कुशीवर या, पाय खाली सोडा, हातानं रेटून बसा. थांबा, अपेक्षाताई, झोपून दाखवा."

"तिला नगा परत चढवू," गोजराबाई म्हणाली. "मलाच दावा. माझी बी कंबर लावणीपास्नं दुखतीया."

ती टेबलावर चढली. सिस्टरांनी चादरीची गुंडाळी करून तिच्या गुडघ्यांत दिली, शाल पाठीशी लावली. "अशी. कंबरेला पीळ बसत नाही. आता बघा कसं वाटतं."

"कसं काय वाटायचं," गोजराबाई म्हणाली.

अपेक्षानं कालच्या गोळ्याचं सांगितलं, तशा सिस्टर तिच्याकडं वळल्या. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, टाच जमिनीला चिकटलेली. पाणी भरपूर. गोळा आला की काल केलं तेच करायचं, बरोबर होतं. पण एकच पाय सुजला, गरम झाला, लाल झाला तर चोळत बसायचं नाही, दाखवायला यायचं. कंबरेसाठी रोज थोडा वेळ सारवायला बसतो तसं, हातपाय टेकून, पाठ वर कमानीसारखी घ्यायची आणि परत सपाट करायची. गरम पाण्याची पिशवी कंबरेला चालेल, पोटाला नको. "आणि कंबर थांबून थांबून, कळा आल्यासारखी दुखली, पाणी गेलं, रक्त गेलं, तर उशा वगैरे काही नाही. तडक निघायचं."

तेवढ्यात टेबलावरून घर्र असा आवाज आला.

गोजराबाई झोपली होती. तोंड उघडं, गुंडाळी गुडघ्यांत घट्ट. तिघीजणी बघत राहिल्या. मग गोजराबाईनं झोपेतच एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि सगळं अंग घेऊन, गुंडाळीसकट, दुसऱ्या कुशीवर झाली.

"आजी," सोनी कडाडली, "उठून बस आधी!"

गोजराबाई टेबलावर ताडकन उठून बसली. "कोन वळलं?"

सिस्टर खुर्चीवर कोसळल्या. अपेक्षा हसता हसता पोट धरून भिंतीला टेकली, "आत्या, तुमीच, तुमीच." बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकाही कारण न कळता हसू लागल्या. गोजराबाईलाही मग राहवेना, तिचा पदर तोंडावर गेला. पण पदर खाली आला तेव्हा डोळे भरलेले होते.

"इंदरच्या आदी मला एक पोर झाली व्हती," ती हळू म्हणाली. "गळ्यात येढा. रडलीच न्हाई. सासू म्हनली, तू झोपंत वळली असशील. मला आठवंना. मी इतकी वरसं आठवतीया, वळले व्हते का न्हाई." तिनं सिस्टरांकडं पाहिलं. "खरं सांगा."

सिस्टर उठून तिच्याजवळ आल्या. "काय झालं होतं ते मला आज सांगता येणार नाही, मावशी. पण तुम्ही वळलात म्हणून नाही झालं. हे नक्की."

गोजराबाईनं मान हलवली. मग बराच वेळ ती गुंडाळीची घडी करत बसली. सारखी मोडायची, सारखी करायची.

जीपनं घरी आल्या तेव्हा उन्हं उतरत होती. गोजराबाई सरळ माडीवर गेली, आणि खाली आली ती उशांचा डोंगर घेऊन. इंद्रजित दारातच आडवा आला.

"आये, शनिवारी पाव्हणं हायेत."

"त्यांस्नी म्हनावं, डोकं गादीवर ठिवा. त्यांच्या पोटात कोन न्हाई." तिनं तीन उशा अपेक्षाच्या गादीवर टाकल्या, चौथी काखेतच ठेवली आणि ओसरीवर चालू पडली. "ही माझी. माझी खाट हाय तितंच बरी हाय."

अपेक्षा डाव्या कुशीवर पडली. मग निव्वळ मौजेखातर उजव्या. मोजे नव्हते, बांगड्या वाजवत वाजवत वळली. ओसरीवरून हुकूम आला नाही. नुसतं घोरणं.

सोनी शेजारी येऊन पसरली आणि पोटाला गाल लावला. आत एक मोठी लाट आली, गालाला धक्का देऊन गेली.

"आई, ह्यानं कूस बदलली. उठून बसलंच न्हाई."

"त्याला चालतं."

सोनी बोटानं पोटावर गोल काढत राहिली.

"आजी वळली म्हनून न्हाई," ती म्हणाली, "तर मग आजीचं बाळ कशानं गेलं?"

अपेक्षानं तोंड उघडलं. ओसरीवरचं घोरणं थांबलं होतं.