बारीक नस

"आत्ता कागदावर दिलेल्या मधल्या शेऱ्यांना गुण नाहीत गं," रक्ततपासणीच्या खोलीत मॅडम शिकाऊ मुलींना सांगत होत्या. "शेवटी बाहेरच्या परीक्षक येतील, तुम्हाला एकटीने रक्त काढताना बघतील आणि त्यावरच गुण देतील. शेरा असतो तो तोवर सुधारायला. जमत नाही ते मला करून दाखवा, म्हणजे सांगता येईल."

त्या मुलींपैकी ताईच्या कागदावर एकच ओळ होती: काम नीटनेटके. तिच्या शेजारच्या चिमणीचा कागद शेऱ्यांनी भरलेला. ताई तेव्हा गालात हसली होती. पण त्या दिवसापासून मॅडम रोज चिमणीपाशी उभ्या राहत आणि ताईचा जळफळाट होई.

"मज्जा आहे बाई, मॅडमची लाडकी!" आज तिने चिमणीला टोमणा मारलाच.

"लाडकी कसली? बारीक नस सापडेना, म्हणून मीच त्यांना बोलावलं. तू कधी बोलावलंस?"

बारीक नसांचे पेशंट ताई स्वतःच चिमणीकडे ढकलत आली होती.

इतक्यात एक म्हातारी काडीसारखा हात पुढे करून बसली. सवयीने चिमणी उठली.

"थांब," ताई म्हणाली. तिने म्हातारीच्या दंडाला पट्टा बांधून कोपर चाचपलं. "मॅडम, जरा येता? मला ही नस सापडत नाही."

चिमणी उलट टोमणा न मारता बाजूला झाली. ताईला त्याचाही राग आला.