हत्यारं बाजूला ठेवा

मोजणीदाराला त्याच्या बायकोने हॉस्पिटलात आणलं तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालत होता, पण चार पेले चढवल्यासारखा झोकांड्या खात. दारूला मात्र तो जन्मात शिवला नव्हता. जमिनी मोजण्यात त्याची हयात गेलेली. डोळे मिटून शहराचा नकाशा काढेल असा माणूस, आणि दोन महिन्यांत त्याला स्वतःच्या घरातलं न्हाणीघर सापडेना. आधीच्या डॉक्टरांनी उदासीचं निदान करून गोळ्या दिल्या होत्या. आता तर कुणी दार आपटलं तरी त्याचं अख्खं अंग ताडकन उडायचं.

मेंदूच्या डॉक्टरबाईंनी एमआरआय पाहिला. मेंदूच्या बाहेरच्या सालीवर फीत चिकटवावी तशी पांढरी चकाकी होती. त्यांनी पाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं. ही तपासणी करणारी प्रयोगशाळा लांबची, उत्तराला वेळ लागणार होता.

"विसरभोळेपणा असा धावत येतो का हो?" मोजणीदाराच्या बायकोने विचारलं.

"साधा नाही येत. मला वेगळी शंका आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या-माझ्या मेंदूच्या पेशींवर एक प्रथिन असतं, ठरावीक आकारात दुमडलेलं. यांच्यात ते कुठेतरी वाकडं दुमडलं गेलं असावं. ते वाकडं प्रथिन शेजारच्या चांगल्याला गाठतं आणि त्यालाही आपल्यासारखं करतं. त्यांचे पुंजके होतात, पुंजके तुटतात, तुकडे पुढच्या पेशीत शिरतात. तिथे पुन्हा तेच. पेशी मरत जातात आणि मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात."

"म्हणजे जंतूच की."

"जंतू असता तर बरं होतं. जंतू मारता येतो. यात जीवच नाही."

बायकोने नवऱ्याच्या हातातला आपला हात हळूच सोडवला. "मी रोज भरवते यांना…"

"खुशाल भरवा. हात धरा, जवळ झोपा. स्पर्शाने, श्वासाने, उष्ट्याने हे होत नाही."

तिने हात परत धरला.

सर्जनचं म्हणणं होतं, मेंदूचा छोटा तुकडा काढून पाहू. रक्तवाहिन्यांच्या सुजेनेही असं होतं आणि तिला औषध असतं. बरा होणारा माणूस हातचा घालवायचा का? म्हणणं रास्त होतं. डॉक्टरबाईंनी एकच अट घातली.

"हत्यारं बाजूला ठेवा. निदान होईपर्यंत कुणालाही लावू नका. हे प्रथिन स्टीलला चिकटून बसतं आणि आपल्या नेहमीच्या वाफेला दाद देत नाही."

"ठेवतो हो," सर्जन म्हणाला. "मला काय कळत नाही?"

सर्जनने तुकडा काढला. निदान आलं ते डॉक्टरबाईंना वाटलं होतं तेच: त्या वाकड्या प्रथिनाचा, म्हणजे प्रायॉनचा आजार. तोवर मोजणीदार बोलायचा थांबला होता. त्याच्या बायकोला सगळं सांगून झाल्यावर डॉक्टरबाई तडक निर्जंतुकीकरणाच्या खोलीत गेल्या आणि बाजूला ठेवलेला संच मागितला.

"कुठला बाजूला?" तिथल्या सिस्टरने विचारलं. "आम्हाला कुणी काहीच सांगितलं नाही. संच धुतला, वाफेतून काढला, परत गेला."

त्याच हत्यारांनी त्यानंतर दोन डोकी उघडली होती. एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या मूळच्या रक्तस्रावाने वारले. दुसरी कोर्टातली लघुलेखिका. तिच्या मेंदूच्या आवरणावरची साधी गाठ काढली होती आणि ती ठणठणीत बरी होऊन कामावर गेली होती.

अधीक्षकांच्या खोलीत सर्जन आधीच मान खाली घालून बसला होता.

"तिला लागण व्हायची शक्यता किती?" अधीक्षकांनी विचारलं.

"कमी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण किती कमी ते कुणालाच सांगता येणार नाही. आजार उघडा पडायला कित्येक वर्षंही लागू शकतात."

"तपासणी?"

"निरोगी माणसात खात्रीची नाही."

"औषध?"

"नाही."

"मग झालं तर!" अधीक्षकांनी दोन्ही हात पसरले. "तपासणी नाही, औषध नाही, शक्यता नगण्य. त्या बिचारीची झोप कशाला उडवता? न सांगणं ही दयाच आहे, डॉक्टर."

"तिचं उद्या दुसरीकडे ऑपरेशन झालं तर? त्या डॉक्टरांनी काय समजायचं? आपण केलं तेच ते करतील, तेही नकळत."

"हॉस्पिटलचं नाव जाईल त्याचं काय? विषय संपला. हे या खोलीबाहेर जाता कामा नये."

डॉक्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दया! स्वतःची खुर्ची सांभाळायची आणि तिला दया म्हणायचं! पण त्या गप्प बसल्या. सर्जनसुद्धा गप्पच होता. बाहेर आल्यावर त्यांना त्याच्या आणि स्वतःच्या गप्प बसण्याचा सारखाच संताप आला.

पुढच्या आठवड्यात लघुलेखिका तपासणीला आली. डोक्यावर बारीक केस उगवले होते आणि ती त्यांच्यावर स्वतःच विनोद करत होती. "आमचे न्यायाधीश म्हणतात, आता तुमच्या डोक्यात काही आहे याचा पुरावा मिळाला." मग उठता उठता म्हणाली, "एक विचारायचं राहिलं. मी वर्षानुवर्षं रक्त देते. पुन्हा कधीपासून देऊ?"

"द्यायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बसा."

त्यांनी सगळं सांगितलं. मोजणीदाराचं नाव सोडून काहीही लपवलं नाही. रक्त द्यायचं नाही, अवयव द्यायचे नाहीत, पुढे कुठलंही ऑपरेशन ठरलं तर आधी हे सांगायचं. घरच्यांना काही धोका नाही, लेकरांना जवळ घ्या, एका ताटात जेवा.

लघुलेखिकेने पहिला प्रश्न तारखेचा विचारला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि मला आज, ते पण मी विचारलं म्हणून?"

"हे कुणाला सांगायचं नाही असं मला बजावलं होतं."

"कुणी?"

ती अधीक्षकांच्या खोलीत शिरली तेव्हा डॉक्टरबाई तिच्या मागे होत्या. अधीक्षकांनी आधी डॉक्टरबाईंकडे जळजळीत पाहिलं, मग चेहरा मऊ केला. "बाई, शांत व्हा. तुम्हाला उगाच काळजी नको, एवढाच आमचा हेतू…"

"काळजी माझी आहे ना? मग ती करायची का नाही हे मी ठरवीन. आजवर माझ्या रक्ताने कित्येक लोकांचं भलं झालं असं समजत होते. उद्या मी कुणाला काय दिलं असतं, साहेब? आणि त्याचा दोष तुम्ही कुणाच्या माथी मारला असता?"

"तो पेशंटच तसा आला. त्याचा आजार—"

"त्या माणसाने काही केलेलं नाही. तो आजारी होता. तुम्ही निरोगी होतात."

दारात सर्जन येऊन उभा होता. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "मला डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मी निरोप दिला नाही. चौकशीत मी हेच सांगणार आहे."

चौकशी झाली. तो संच नष्ट केला, आणि निदान न झालेल्या अशा रुग्णावर वापरलेली हत्यारं कुलपात ठेवायचा नियम झाला. सर्जनला काही काळ ऑपरेशन करायला मनाई झाली. डॉक्टरबाईंची शिस्तभंगाबद्दल शहराच्या टोकाच्या बाह्यरुग्ण विभागात बदली झाली. अधीक्षकांना बढती मिळाली आणि त्यांनी रुग्णसुरक्षेवर भाषण दिलं.

मोजणीदार चौकशी संपायच्या आधीच गेला. शेवटपर्यंत त्याची बायको त्याच्या उशाशी होती. वॉर्डातल्या काहींनी त्याचं ताट दारातूनच सरकवायला सुरुवात केली होती. तिने त्यांना आत बोलावून, त्यांच्यासमोर त्याचं कपाळ चुंबलं.

लघुलेखिका दर वर्षी टोकाच्या त्या दवाखान्यात येते, दोन बस बदलून. अजून तिला काही झालेलं नाही. होईलच असंही नाही. पण किल्ली हरवली, एखादा शब्द आठवला नाही, की त्या रात्री तिची झोप उडते. मागच्या वेळी तिने विचारलं, "न सांगितलं असतं तर मी सुखात असते, नाही?"

"असता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"त्या अधीक्षकांचाच राग येतो सगळ्यात जास्त," ती म्हणाली. "हे एवढं एक त्यांचं खरं ठरलं म्हणून."