किडनीला सुट्टी

दर तीन महिन्यांनी आमच्या घरात परीक्षा असते. रक्त ह्यांचं आणि पोटात गोळा माझ्या. वीस वर्षं झाली, पण मला अजून सवय झालेली नाही. लोक सांगतात, होते सवय. त्यांनी एकदा आमच्याकडे येऊन राहावं.

रात्री नऊला लिथियमच्या गोळ्या, सकाळी नऊला लॅबमध्ये रक्त. मध्ये बारा तास गेलेच पाहिजेत, नाहीतर औषधाचा आकडा भलताच येतो. लॅबमधली मुलगी सुई हातात घेऊन दर वेळी विचारते, "काका, शेवटची गोळी कधी घेतली?" आणि हे शाळेतल्या मुलासारखे ताठ बसून सांगतात, "काल रात्री नऊला." गेलं वर्षभर ते हे धादांत खोटं सांगत होते.

हे सुतार. घरापुढच्या खोलीतच दुकान. गोळ्या सुरू होण्याआधी त्यांच्या अंगात एकदा असं काही वारं भरलं होतं की तीन दिवस झोप नाही, तोंड मिटायला तयार नाही आणि घरातली सगळी दारं तिरकी आहेत असं डोक्यात बसलं. एकेक करून त्यांनी सगळी दारं उतरवली. बाथरूमचंसुद्धा. मग शेजाऱ्यांच्या दाराला हात घातला, तेव्हा चौघांनी धरून दवाखान्यात नेलं. मी महिनाभर दारांच्या जागी पडदे लावून राहिले. पोर लहान होतं, आल्यागेल्याला काय सांगायचं ते कळत नव्हतं. लिथियम सुरू झालं आणि माझा माणूस मला परत मिळाला. दारंही त्यांनीच बसवली, मान खाली घालून.

पण हे औषध फुकट काम करत नाही. वर्षानुवर्षं घेतलं तर काही जणांच्या किडन्या हळूहळू झिजवतं. म्हणून ही रक्ताची वारंवार तपासणी. औषध रक्तात किती आहे ते बघायचं, आणि किडन्या कितपत गाळतायत ते सांगणारं क्रिएटिनीनही बघायचं. ह्यांचं क्रिएटिनीन दीडेक वर्षापूर्वी जरासं वर सरकलं, तेव्हा मनाच्या डॉक्टर मॅडम सहज म्हणाल्या, "अजून वाढलं तर हे औषध बंद करायचा विचार करावा लागेल." त्यांनी सहज म्हटलं. ह्यांनी ते काळजाला लावून घेतलं, आणि मला पत्ता नाही.

त्यानंतर लिथियमचा आकडा एकदम खाली आला. मॅडमनी एक गोळी वाढवली. पुढच्या वेळी आकडा पुन्हा खालीच, आणि क्रिएटिनीन मात्र वर. "हे जुळत नाही," मॅडम म्हणाल्या. "रक्तात औषध कमी आहे आणि हात तर पूर्वीपेक्षा जास्त थरथरतायत. गोळ्या नियमित घेताय ना?"

"घेतो ना. हिला विचारा," हे म्हणाले.

मीही मान डोलवली. गोळ्यांची डबी मीच भरायची, रात्री पाणी मीच द्यायची. पाणी तर ते तांबेच्या तांबे प्यायचे, आणि रात्रभर उठबस. खिळा धरला की हातोडी बोटावर. ह्या वेळी मॅडमनी गोळी वाढवली नाही, किडनीच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी विचारलं, अंगदुखीच्या गोळ्या घेता का? नाही. जुलाब, उलट्या, ताप? नाही. सगळ्यांनी हात टेकले. मी तर कधीच टेकले होते.

बिंग फुटलं कढईच्या दांडीमुळे. दांडीचा स्क्रू निघाला, हे लाकूड आणायला गेलेले, म्हणून मी दुकानात शिरले आणि फळीवरचा स्क्रूचा डबा उपडा केला. स्क्रूंबरोबर गोळ्या पडल्या. पांढऱ्या, भुशाने माखलेल्या. मी खाली बसून त्या मोजायला लागले.

हे आले, त्यांनी माझ्यासमोरची रास पाहिली आणि लाकूड हळूच भिंतीला टेकवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रोज नाही गं. फक्त रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस मुठीत लपवायचो."

"का पण?"

"किडनीला जरा सुट्टी. सुट्टी मिळाली की रिपोर्ट चांगला येईल असं वाटलं. रिपोर्ट चांगला आला तर गोळी बंद करणार नाहीत."

मला हसू आलं आणि रडूही. "अहो, दोन दिवसांनी किडनी कुठे सुधारते? खाली आला तो औषधाचा आकडा! म्हणून तर मॅडमनी गोळी वाढवली. मग उरलेले तीन महिने तुम्ही ती वाढीव गोळी गिळत बसलात. ज्या किडनीला जपायला गेलात तिच्याच मुळावर उठलात!"

 मी अजून बोलले असते, ओठांवर आलंही होतं, पण अंगात त्राण नव्हतं. मी स्क्रू आणि गोळ्या वेगळ्या करायला लागले. तेही शेजारी बसून करायला लागले. त्यांच्या थरथरत्या बोटांतून गोळ्या पुन्हा पुन्हा निसटत होत्या.

त्याच दुपारी मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. थरथर वाढली, तोल जायला लागला किंवा जीभ जड झाली तर थेट दवाखाना गाठा, ती औषध जास्त झाल्याची खूण, म्हणाल्या, आणि एक गोळी लगेच कमी केली. आठवडाभर मी रोज रात्री समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावल्या आणि मग रक्त दिलं. एक गोळी कमी करूनही लिथियमचा आकडा हवा त्यापेक्षा वरच निघाला. वर्षभर खरा आकडा किती होता, ते आता कुणालाच कळणार नाही. आणि क्रिएटिनीन आणखी चढलेलं.

किडनीचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "जे गेलं ते बहुतेक परत येणार नाही. उरलंय ते वाचवायचं असेल तर लिथियम सोडावं लागेल." मॅडम म्हणाल्या, एकदम नाही, एकदम सोडलं तर आजार उसळून येतो. काही महिने थोडं थोडं कमी करायचं, सोबत दुसरं औषध चढवायचं. त्या औषधाचीही रक्त तपासणी असतेच, फक्त किडनीऐवजी लिव्हरची. मी म्हटलं, "म्हणजे परीक्षा आहेच, विषय बदलला." मॅडम हसल्या. हे हसले नाहीत.

"नवीन औषध लागू पडेल ना?" त्यांनी विचारलं.

"बहुतेकांना पडतं," मॅडम म्हणाल्या. "पण झोप कमी झाली, बोलणं वाढलं, तर लगेच या. हे तुमच्या आधी घरच्यांच्या लक्षात येईल."

घरचे म्हणजे मी. दुसरं आहे कोण? पोरगं लांब नोकरीला. परतताना मला इतका थकवा आला की वाटलं, रस्त्याच्या कडेला बसावं आणि कुणीतरी येऊन म्हणावं, बाई, तुम्ही जा, आता आम्ही बघतो. मला ह्यांचा राग आला होता. वर्षभर डबी मी भरली, आणि माझ्याच घरात मला फसवलं.

घरी आल्यावर हे दुकानात गेले. खुडबुड ऐकू आली. मग मी भाजी चिरत होते तिथे येऊन त्यांनी लाकडी मुठीचा मोठा पेचकस माझ्यापुढे धरला. दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला-बसवायला ते हाच वापरतात. मूठ त्यांच्या तळव्याने काळी पडली आहे.

"हा तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "दाराचं काम आलं की मागेन. काम नसताना मागितला, तर देऊ नकोस. मॅडमना फोन कर."

"आणि रागावलात तर?"

"रागावेनच. तरी देऊ नकोस." मग खाली बघत म्हणाले, "मला किडनीची भीती नव्हती गं. दवाखान्यातून आलो तेव्हा दारं नव्हती, तू पडद्याआड कपडे बदलायचीस, ते अजून डोळ्यांपुढे येतं."

मी पेचकस घेतला. चमच्यांच्या खणात ठेवला, आणि दाराचं काम आलं की काढून देते. परवा सकाळी चहा घेताना त्यांनी तो मागितला. कुणाचं काम आहे, मी विचारलं. कप खाली ठेवून ते म्हणाले, "कुणाचं नाही. फोन लाव."