नेहमीची मिरची

सकाळी गाळ्यात उतरलेल्या एका पोत्याचे तोंड उसवून मी मूठभर मिरच्या कागदावर पसरल्या. लांब, सडपातळ, सुरकुतलेल्या. फोडल्या तर आत बी थोडे. सुंदरच होत्या, फक्त आमच्या नव्हत्या. आमच्या मालकीण दर्शनाताईंच्या मसाल्याचा गर्द रंग ब्याडगी मिरचीच्या 'डब्बी' जातीतून येतो, आणि ती आखूड, फुगीर असते. ही ब्याडगीचीच, पण 'कड्डी' जात होती. रंग हलला तर माल परत करू, असे आमचा मसाला घेणाऱ्या दादरच्या दुकानाने बजावले होते. आणि उद्या सकाळी मसाला कुटायच्या डंकावर आमचा नंबर होता.

"सम्यक, तूच कळव हितेंद्रशेठना," ताई आमच्या मिरचीच्या व्यापाऱ्याबद्दल म्हणाल्या. "मी गेले की ते चहा मागवतात, आणि चहा प्यायला की मला नाही म्हणवत नाही."

मला चहाशिवायही 'नाही' म्हणवत नाही. म्हणून मी लिहिले: 'आलेली मिरची कड्डी आहे. पर्यायी माल आम्ही स्वीकारू शकत नाही. पोती उचलून न्यावीत. ठरलेला माल कोणता, हे कृपया लेखी कळवावे.'

उत्तरादाखल शेठचा व्हॉइस मेसेज आला. "अरे भावा, ब्याडगीच आहे ना! ताईंना नेहमीची लागते, नेहमीची पाठवली!"

अडचण इथेच होती. इतकी वर्षे ताई फोनवर 'नेहमीची' एवढेच सांगत आल्या होत्या. ठरले होते, पण कुठेच लिहिले नव्हते. शेवटी मी लालबागच्या मिरची गल्लीत गेलो. दुकानात पाऊल टाकताच तीन शिंका आल्या.

"काय कवी, लिहून लिहून दमलास?" हितेंद्रशेठ हसले. "बस, चहा घे."

"आधी लिहून द्या, शेठ."

"माझ्या शब्दावर भरवसा नाही?"

"आहे," मी म्हणालो, आणि कानशिले तापली. "तो शब्द कोणता, एवढेच विचारतोय."

ते फोन काढून टाइप करू लागले. "ब्याडगी... डब्बी... देठ काढलेली. खूश?"

"ओलावा?"

"अकरा टक्क्यांच्या आत. आणि?"

"रंग."

"गडद लाल."

"गडद म्हणजे किती?"

"आता मिरचीचं लग्न जमवायचंय काय तुला?" असे म्हणत त्यांनी आतल्या पोत्यातून डब्बीची ओंजळ आणली, दोन पिशव्यांत भरली आणि दोन्ही सील केल्या. दोन्हींवर आम्ही दोघांनी सह्या केल्या. एक नमुना त्यांच्याकडे राहिला, एक माझ्याकडे. 'याबरहुकूम, अन्य प्रतीचा माल चालणार नाही' हे वाक्य मीच सुचवले, आणि खरे सांगायचे तर मला ते फार आवडले.

"ही डब्बीची पोती दुसऱ्यासाठी ठेवली होती," ते म्हणाले. "आता संध्याकाळी तुमच्याकडे येतील. कड्डी माघारी घेतो."

माझा फोन वाजला: लेखी खात्री पोहोचली होती. मी उठलो, तोवर शेठ ब्याडगीच्या अडत्याला फोन लावून ओरडत होते, "नेहमीची म्हणजे कुठली रे? ते काय नाय, आधी लिहून पाठव!"