आकडे हलायचे थांबेपर्यंत

कुंडलिक सरांनी छत्तीस वर्षं मोहोळच्या शाळेत गणित शिकवलं आणि त्या छत्तीस वर्षांत ताळा केल्याशिवाय एकही उत्तर फळ्यावर ठेवलं नाही. हा माणूस निवृत्त झाल्यावर सोलापुरात येऊन जिल्ह्याच्या महिला कबड्डी लीगचा गुणलेखक झाला आणि ताळा न करता एका पोरीला फोन करून बसला. आनंदाच्या भरात केला, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

झालं होतं असं. लीगमध्ये सहा संघ, प्रत्येकानं उरलेल्या पाचांशी खेळायचं. तीन-तीन सामने झाले आणि हॉल मतमोजणीसाठी गेला. मॅट गुंडाळून कोपऱ्यात ठेवली गेली. वर राज्य संघटनेचं पत्र आलं की आता नवे सामने धरणार नाही, झालेल्या सामन्यांवरून राज्य स्पर्धेसाठी दोन संघांची नावं शुक्रवारी पाचपर्यंत पाठवा. पहिलं नाव कुर्डुवाडीचं, त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. दुसऱ्यासाठी चिंचोळी एमआयडीसीच्या पोरी आणि सांगोल्याच्या पोरी, आणि या दोघी एकमेकींशी खेळल्याच नव्हत्या.

तक्ता पाहिला तर चिंचोळी कुठल्या कुठे पुढे. तिन्ही सामने जिंकलेले, सामन्यामागे सरासरी १३.३३ गुणांची आघाडी. सांगोल्याची जेमतेम ०.६७. पण चिंचोळीला अक्कलकोटचा नवा संघ वाट्याला आला होता. त्या पोरी पहिल्यांदाच मॅटवर उतरलेल्या, त्यांना चिंचोळीनं सव्वीस गुणांनी हरवलं. सांगोल्याला अक्कलकोट मिळालंच नाही. त्यांच्या नशिबी कुर्डुवाडी आलं. ज्याला सोपा पेपर मिळाला त्याचे मार्क तसेच धरायचे का? नाही, आणि म्हणूनच लीगच्या नियमांत सरांनी स्वतः एक कलम घातलं होतं: सामने अपुरे राहिले तर प्रतिस्पर्ध्यांची ताकद धरून क्रम लावावा. किती खोल जाऊन धरावी, हे लिहायचं मात्र राहून गेलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी हिशोब केला. संघाची स्वतःची सरासरी घ्यायची आणि ज्यांच्याशी तो खेळला त्या तिघांच्या सरासऱ्यांची सरासरी तिच्यात मिळवायची. सांगोल्याचे प्रतिस्पर्धी दमदार, म्हणून ०.६७ चे झाले ४.६७. चिंचोळीचे लेचेपेचे, म्हणून १३.३३ चे घसरून २.६७. सर खुर्चीतून उठलेच. सांगोल्याची कप्तान मायाक्का त्यांची लाडकी होती, हे ते कुणाला सांगत नसत आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी लगेच फोन लावला, "मायाक्का, उद्या सगळ्यांचे कागद घेऊन ये. तुमचं नाव जातंय."

शुक्रवारी दुपारी दोनला ती नवी पेठेतल्या लीगच्या खोलीत हजर. बारा पोरींचे आधार, वयाचे दाखले, फोटो, सगळं एका पिशवीत. दुसऱ्या पिशवीत सरांसाठी भाकरी आणि शेंगाची चटणी.

"आईनं दिलीया," ती म्हणाली. "तुमचा फोन आला तवा मामा बी घरीच हुता. सिद्धनाथमामा. म्हनला, शब्द म्हंजे शब्द. तू राज्याला जा, यंदा मेंढरं मी नेतो."

तो शब्द सरांना माहीत होता. मायाक्काच्या बापाचे गुडघे गेले होते. दिवाळीनंतर कळप घेऊन आठ महिने रानोमाळ कुणीतरी जायलाच हवं, आणि घरात चालती माणसं दोनच, ती आणि तिची आई सोनाबाई. राज्याला निवड झाली तर मामा जाणार. नाही झाली तर मायाक्का. आणि आठ महिने मेंढरांमागं गेलेली पोर पुन्हा मॅटवर येत नाही, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

सरांनी तिला फळ्यावरचा तक्ता दाखवला. मास्तरच ते, शिकवल्याशिवाय राहवेना. "हे बघ, तुम्ही हरलात ते कुणाशी? कुर्डुवाडीशी. त्यांची सरासरी अठरा! आणि मोहोळची ३.३३. असल्यांशी खेळून तुम्ही टिकलात, त्याचं मोल धरायला नको?"

मायाक्का फळ्याकडं बघत राहिली. तिला बारावीपर्यंतच गणित होतं, पण दीडशे मेंढरांत एक कमी असलं तर तिला ते लांबून कळायचं.

"कुर्डुवाडीचं अठरा व्हय? लई झालं की, सर," ती हसून म्हणाली. "ते अक्कलकोटवर भरलंया. बत्तीसनं मारलं हुतं त्यास्नी. आमी बाजूला बसून बघत हुतो, वाईट वाटत हुतं. मोहोळनं बी वीसनं मारलं. त्या पोरी न्हाय तर मोहोळ कुटलं पुढं?"

सरांचं बोट तक्त्यातल्या अठरावर थांबलं.

"काय झालं, सर?"

"काही नाही. तू कागदांच्या झेरॉक्स काढून आण. दोन-दोन प्रती. आणि चहा घे, घाई नाही."

ती जिना उतरली आणि सरांनी खडू उचलला. अक्कलकोट वगळलं तर कुर्डुवाडीचे अठराचे अकरा होत होते. मोहोळचे ३.३३ जाऊन उणे पाच. म्हणजे काय केलं होतं त्यांनी? चिंचोळीच्या अंगावरचं अक्कलकोटचं मांस उतरवून घेतलं होतं आणि तेच मांस कुर्डुवाडीच्या, मोहोळच्या अंगावर ठेवून त्यांना पैलवान ठरवलं होतं. सांगोला कुणाशी खेळलं ते मोजलं; ज्यांच्याशी खेळलं, ते संघ स्वतः कुणाशी खेळले ते मोजलंच नाही. एकदाच दळून पीठ झालं म्हणणारा गिरणीवाला त्यांनी उभा सोलला असता.

त्यांना स्वतःची लाज वाटली. मग कॅल्क्युलेटर ओढला.

रीत सरळ होती. काल आलेले नवे आकडे घ्यायचे, प्रत्येक संघाच्या मूळ सरासरीत आता हे नवे आकडे धरून प्रतिस्पर्ध्यांची सरासरी मिळवायची. सहाही संघांचं झालं की पुन्हा तेच, नव्या आकड्यांनी. आकडे हलायचे थांबेपर्यंत.

दुसरी फेरी: चिंचोळी ८.७४, सांगोला ३.०४. सरांनी बटणं पुन्हा दाबून पाहिली; तेच आलं.

तिसरी फेरी: सांगोला ४.४७, चिंचोळी ४.३४.

पेन थांबलं. तेरा शतांशांनी का होईना, सांगोला पुढं. एवढ्यात लीगचे सचिव चनबसप्पा आत आले. ते घाईतच जन्मलेले होते. "सर, फॉर्मवर तुमची सही तेवढी राहिली. सांगोलाच ना?"

सरांनी कागद पुढं केला आणि सगळं सांगितलं. लपवणं त्यांना जमलंच नसतं.

चनबसप्पांनी तिन्ही ओळींवर बोट फिरवलं. "मग हितं थांबा की. तीन सामने, तीन फेऱ्या. नियमात कुठं लिहिलंय किती करायच्या? तुम्हीच लिहिलाय नियम. त्या पोरीचं घर उभं राहील, सर. कोण विचारणार हाय तुम्हाला?"

कुणीच विचारणार नव्हतं. हीच तर अडचण होती. सरांना त्या क्षणी थांबायचं होतं, अगदी मनापासून थांबायचं होतं, आणि हे आयुष्यभर स्वतःपासून लपवता येणार नाही हेही त्यांना कळत होतं. चिंचोळीची कप्तान रेश्मा त्यांच्या डोळ्यापुढं आली. टॉवेलच्या कारखान्यात आठ तास उभं राहून संध्याकाळी सरावाला येणारी. तिचा कुठला मामा आहे की नाही, हे त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. तीन फेऱ्यांना थांबायचं कारण फक्त एवढंच होतं की तिसऱ्या फेरीत त्यांना हवं ते आलं होतं.

"आकडे अजून हलतायत, चनबसप्पा," ते म्हणाले. "हलतं उत्तर मी देत नाही."

चौथी फेरी: चिंचोळी ७.१६, सांगोला ३.६३. मग झोके लहान होत गेले. वर, खाली, थोडं वर, थोडं खाली. चनबसप्पा उगाच पंख्याचा वेग कमीजास्त करत राहिले. सोळाव्या फेरीपर्यंत दीड तास गेला आणि आकडे बसले. कुर्डुवाडी बारा. चिंचोळी सहा. सांगोला चार. तेच आकडे पुन्हा घालून पाहिले तरी तेच येत राहिले.

मायाक्का झेरॉक्स घेऊन कधीच आली होती. दाराशी बाकावर बसून ती कागदांना टाचण्या मारत होती. सरांनी तिला आत बोलावलं, दार लोटलं, आणि उभ्यानंच सांगितलं. काल कुठं चुकलो, आज काय आलं, सगळं.

तिनं त्या सोळा ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या.

"म्या बोलले म्हनून झालं व्हय, सर?"

"नाही गं. माझ्या चुकीनं झालं. मी फोन करायला नको होता. तू बोलली नसतीस तरी खरं तेच होतं."

"पन तुमास्नी कळलं नसतं."

"नसतं," सर म्हणाले.

तिनं पिशवीतून कागद काढून पुन्हा पिशवीतच ठेवले, बारा पोरींचे, नीट कडा जुळवून. मग फळ्यावरच्या मूळ तक्त्याकडं बोट केलं. "आदी किती मागं हुतो आमी?"

"साडेबाराच्या वर."

"आनि समदं धरून?"

"दोन."

"म्हंजे आमची नि रेश्माताईची गाठ पडली असती, तर त्या दोन गुनांनी जिंकल्या असत्या?"

"हिशोब तसं म्हणतो. दोनच्या आसपास."

मायाक्कानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिनं ते पुसलं नाही. तिनं फोन काढला, आईला लावला, आणि तो उचलला जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

"आये, मामाला सांग, राहू दे. मेंढरं मीच न्हेते." पलीकडून काहीतरी बराच वेळ बोललं गेलं. "न्हाय, सरांनी फसवलं न्हाय. त्यांनी नीट मोजलं."

चनबसप्पांनी फॉर्मवर चिंचोळीचं नाव लिहिलं. सरांनी सही केली. पावणेपाच वाजले होते. भाकरीची पिशवी टेबलावर तशीच होती; ती परत न्यायची तिला आठवण झाली नाही आणि सरांना ती उघडवली नाही.

दारातून ती मागं वळली.

"सर, दोन गुन तर एका चढाईत निघत्यात की," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.