लिकाने घेतलेलं नाव

संग्रहालयाकडून लेबलांचा नमुना आला, तेव्हा युब्लिना ओसरीवर लाल सुतात गुरफटून बसली होती. इंडोनेशियातल्या पूर्व सुम्बा बेटावरच्या त्या गावातल्या विणकरणींचा पत्रव्यवहार तिच्याच फोनवर चाले. जकार्ताला पोचलेली तीन कापडं तिथे मांडायची होती, आणि पहिल्यांदाच खाली विणणारीचं नाव येणार होतं.

तिने वाचलं. हाडा, हामू आणि लिका, तिन्ही विणकरणींची नावं बदलली होती. हाडाच्या जागी ‘आदा’, म्हणजे इंडोनेशियन भाषेत ‘आहे’. हामूच्या जागी ‘कामू’, म्हणजे ‘तू’. लिकाच्या जागी ‘लुका’, जखम.

हामू मागावरच फिसकन हसली. “मी तू झाले गं! आता नवऱ्याला विचारते, मी कोण?”

हाडाही हसली. म्हातारी लिका हसली नाही. तिचं कापड विणायला तीन वर्षं लागली होती. घोडे, मगरी, आणि तिच्या आईने शिकवलेली झाडं.

“कुणी केलं हे?”

“मीच, इना.” म्हातारीला आईच्या मानाने हाक मारताना युब्लिनाचा चेहरा उतरला. “मी नीटच लिहिते. पण शब्दानंतर जागा सोडली, की फोन शब्द बदलतो. त्याला ओळखीचाच शब्द हवा असतो. मी न वाचताच धाडलं.”

ईमेलात खाली लिहिलं होतं: नावं खात्रीची नसतील, तर ‘सुम्बाची विणकरीण’ एवढंच छापू. आज दुपारी बारापर्यंत कळवा.

“मग तेच छापू दे. भांडण नको,” हाडा म्हणाली.

लिकाने तोंडातली सुपारी बाजूला थुंकली. “मी जन्मले तेव्हा भुकेने रडत होते. आईने एकेका पूर्वजाचं नाव घेत मला छातीशी धरलं. चार नावं मी थुंकली. पाचव्याला दूध घेतलं, तेच माझं नाव झालं. आईबापानेही माझं नाव ठरवलं नाही, पोरी. या डबीने ठरवायचं?”

युब्लिनाने फोन जवळ ओढला. तिने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप दुरुस्ती बंद केली. मग एकेक अक्षर. लिका. जागा सोडली, लिकाच राहिलं. हामू. हाडा. पाठवण्याआधी तिने तिन्ही नावं मोठ्याने वाचली, दोनदा. शेवटी लिहिलं: “आमची नावं खात्रीची आहेत. चूक माझ्या फोनची होती, आणि न तपासल्याची माझी. नावांशिवाय कापडं मांडू नका, परत पाठवा.”

“परत?” हाडा दचकली. “एवढं लिहिलंस?”

“लिहिलं.”

बाराला दहा मिनिटं कमी असताना नवा नमुना आला. युब्लिना वाचू लागली. “हाडा.”

“हो.” हाडाचा हात धोट्यावरून हलला नाही, पण मान ताठ झाली.

“हामू.”

“मीच ती! तू नव्हे!”

“लिका.”

म्हातारीने मान वर केली. तिने कमरेच्या वस्त्राला हात पुसले, जवळ सरकली, आणि न वाचता येणाऱ्या त्या अक्षरांवर काचेला न टेकवता बोट धरलं.

“इथे?”

“तिथेच, इना.”

“आता हळू वाच,” ती म्हणाली. “हाक मारल्यासारखं.”