सकाळचे वाचक

आमच्या वाचनालयाच्या समितीवर मी अजून आहे, कारण मला काढायला कुणाला धीर झाला नाही. तिथे बत्तीस वर्षं नोकरी केली. वेळ लिहायची तर 'सायं. ७।।' असं शाईने लिहायचे, आणि वाचणाऱ्याला ती संध्याकाळ आहे हे कळायचं. आता सगळं संगणक करतो आणि साहेब सही करतात.

हे साहेब आल्या आल्या म्हणाले, वाचकांच्या हजेरीचा अहवाल शुद्ध मराठीत हवा. आकडे देवनागरी हवेत, ते ठीकच. पण त्यांच्या डोळ्यांत खुपलं ते एएम-पीएम. इंग्रजी अक्षरं काढून टाका, असा हुकूम सुटला. संगणकवाल्याने ती काढली. त्याजागी काय लिहायचं हे साहेबांनी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. दोघांची जोडी छान जमली होती.

पुढच्याच बैठकीत साहेबांनी पडद्यावर रंगीत तक्ता लावला. सकाळच्या वेळात वाचकांची झुंबड, संध्याकाळच्या वेळात शून्य. साहेबांनी घसा साफ करून निष्कर्ष काढला: संध्याकाळचा वाचनकक्ष बंद, त्याऐवजी सकाळी सहाला दार उघडायचं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही जण संध्याकाळी कधी तिथे फिरकला नव्हता.

संध्याकाळचा कक्ष माझी भाची सांभाळते. तिची नेमणूक तेवढ्याच तीन तासांची. कक्ष गेला की ती घरी. आणि तिथे दिवसभर दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली परीक्षेचा अभ्यास करतात, त्यांना दुसरीकडे जागा नाही.

बैठकीनंतर ती अहवाल घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मावशी, सकाळी साडेसातला एवढी माणसं आली म्हणे. कुलूप तर नऊला निघतं."

मी चष्मा लावला. ६:१०, ७:३०, ८:०५. वेळा सगळ्या तिच्याच मुलींच्या. फक्त त्या सकाळच्या की संध्याकाळच्या, हे कुठेच नव्हतं. बारा तासांच्या घड्याळाचं अर्धं शेपूट छाटलं होतं आणि तक्त्याने बाराच्या आतलं सगळं सकाळ म्हणून मोजलं होतं. तारखाही मला बघवेनात. ०४/०७ म्हणजे चार जुलै की सात एप्रिल, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मी निकडीची बैठक मागितली. साहेबांना म्हटलं, "नऊच्या आधी आत आलेल्या या लोकांना दार उघडलं कुणी?"

साहेबांनी क्षणभर विचार केला, म्हणजे तसा चेहरा केला. मग म्हणाले, "बाई, हे गंभीर आहे. पहारेकऱ्याची चौकशी लावतो."

पहारेकरी दाराशीच उभा होता. मी संगणकवाल्याकडे वळले आणि मूळ नोंद दाखवायला सांगितलं. ती चोवीस तासांच्या घड्याळाने साठवलेली होती, १९:३०. संगणकाला काही शंका नव्हती. शंका निर्माण केली ती छपाईने.

"मूळ वेळ तशीच ठेव," मी म्हटलं, "फक्त दाखवताना 'संध्याकाळी ७:३०' असं दाखव. तास कळतो, तर प्रहर लावायला काय अडचण? आणि तक्ता मूळ वेळेवरून मोज, छापलेल्या वेळेवरून नको."

त्याने तिथेच बसून चार-पाच ओळी बदलल्या. मध्यरात्रीनंतरच्या साडेबाराला 'रात्री १२:३०' आणि दुपारच्याला 'दुपारी १२:३०' येतंय ना, हेही मी तपासायला लावलं. त्यावर समितीत वाद पेटला: साडेसात ही संध्याकाळ की रात्र? ज्यांनी कक्ष एका मिनिटात बंद केला होता, ते यावर अर्धा तास भांडले. शेवटी आठपासून रात्र ठरली. महिना अक्षरांत, '४ जुलै' असा लिहायचा, हेही मी त्यातच उरकून घेतलं.

तक्ता पुन्हा आला. सहा ते नऊ या सकाळच्या रकान्यात कुणीच नाही. झुंबड होती तिथेच होती, संध्याकाळी.

साहेब हळूच म्हणाले, "चालू ठेवू कक्ष. पण अहवाल वर गेलाय, तो तसाच राहू द्या."

"म्हणजे वरच्यांच्या लेखी तिथे कुणी येत नाही," मी म्हटलं. "उद्या ते विचारतील की रिकाम्या खोलीत पगार कुणाला देता. दुरुस्त अहवाल पाठवा. नाहीतर मी माझा विरोध लेखी देते, त्यात पहारेकऱ्याची चौकशीही लिहिते."

त्यांनी पेन काढलं आणि न वाचता सही केली. पहिल्या अहवालावरही तशीच केली असणार. कपाळावर आठी मात्र अशी, जणू माझ्यावर उपकार केले.

भाचीने कागदाची प्रत पर्समध्ये ठेवली आणि निघाली. सहा वाजायला आले होते, दाराशी मुली उभ्या असतील म्हणाली.